रँकिंग बदलून बघा: फॅक्टोरियल टायपॉलॉजी स्वतःच्या हाताने कशी काढायची

जर्मनमध्ये चाकाला जो शब्द आहे तो लिहिताना शेवटी ड लिहितात पण बोलताना चक्क 'राट' असा ऐकू येतो, आणि परिषद या अर्थाचा जो शब्द आहे, ज्यात लिहितानाही ट च आहे, तोसुद्धा 'राट'च. दोघांचं अनेकवचन केलं की मग फरक बाहेर येतो, एकात ड ऐकू येतो आणि दुसऱ्यात ट. टर्किशमध्ये आपला ओळखीचा किताब हा शब्द 'किताप' होतो, पण पुढे स्वराचा प्रत्यय लागला की ब परत येतो. डच, रशियन, पोलिश, कॅटलान, सगळीकडे हीच गोष्ट, शब्दाच्या शेवटी ब द ग जाऊन प त क येतात.

आता याच्या उलट भाषा कल्पना करून बघा, जिच्यात शब्दाच्या शेवटी प आणि ब हे दोन्ही चालतात, अर्थ वेगळे करतात, पण अक्षराच्या, म्हणजे सिलॅबलच्या, सुरुवातीला मात्र फक्त प. कानाला यात अशक्य असं काही वाटत नाही, तोंडाला तर अजिबात नाही. तरी अशी भाषा सापडत नाही. का सापडत नाही, याचं उत्तर 'अजून शोधली नाही' असं द्यायचं की 'असूच शकत नाही' असं, आणि दुसरं उत्तर द्यायचं असेल तर ते कशाच्या जोरावर? फॅक्टोरियल टायपॉलॉजी हे या कामासाठीचं हत्यार आहे. अॅलन प्रिन्स आणि पॉल स्मोलेन्स्की यांनी १९९३ मध्ये ऑप्टिमॅलिटी थिअरी मांडली (पुढे नुसतं ओटी म्हणतो) तिच्यातच ही कल्पना आहे: सगळ्या भाषांकडे कन्स्ट्रेंट, म्हणजे उच्चारावरच्या मोडता येणाऱ्या अटी, त्याच, फरक फक्त कुठली वर आणि कुठली खाली या क्रमात. मग n कन्स्ट्रेंट असतील तर क्रम n! एवढे, ते सगळे लावून बघायचे, आणि जे पॅटर्न निघतील तेवढेच जगात शक्य. जे निघणार नाहीत ते अशक्य, असा सरळ दावा.

मी इथे हे एकाच उदाहरणावर, पूर्ण, हाताने करून दाखवतो. कागद पेन घेऊन बसा, अर्ध्या तासाचं काम आहे.

## आधी कन्स्ट्रेंट लिहून काढा

गळ्यावर बोट ठेवून ब, द, ग म्हटलं की कंप जाणवतो, हे घोष व्यंजन. प, त, क ला नाही जाणवत, ते अघोष. आपल्याला फक्त याच फरकाचं काय होतं ते बघायचंय, त्यामुळे तीनच कन्स्ट्रेंट घेऊ.

पहिला घोषबंदी: आउटपुटमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष बोललेल्या रूपात, घोष स्पर्श नको. प्रत्येक ब, द, ग मागे एक दंड. याला इनपुटशी, म्हणजे बोलणाऱ्याच्या डोक्यातल्या मूळ रूपाशी, काही देणंघेणं नाही, तो फक्त आउटपुट बघतो.

दुसरा घोषनिष्ठा: इनपुटमध्ये जे घोष ते आउटपुटमध्ये घोष राहिलं पाहिजे, अघोष ते अघोष. बदललेल्या प्रत्येक व्यंजनामागे एक दंड.

तिसरा आरंभनिष्ठा: हेच, पण फक्त अक्षराच्या सुरुवातीच्या व्यंजनापुरतं. शेवटचं बदललं तर याला काही वाटत नाही.

हा तिसरा थोडा खास आहे, त्याला पोझिशनल फेथफुलनेस म्हणतात, म्हणजे ठराविक जागीच लागू होणारी निष्ठा. जिल बेकमन आणि लिंडा लोम्बार्डी यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. हे लक्षात ठेवा की 'शेवटनिष्ठा' असा चौथा कन्स्ट्रेंट मी मुद्दाम घेतलेला नाही. तो का नाही घेतला, यातच सगळ्या लेखाचं मर्म आहे, त्याकडे येतोच.

## मग इनपुट आणि कॅन्डिडेट, आणि इथे कंजूषपणा करू नका

दोन जागा आहेत, सुरुवात आणि शेवट, प्रत्येक जागी घोष किंवा अघोष. म्हणजे चार रूपं झाली: पत, बत, पद, बद. (अर्थ विसरा, फक्त आवाज बघा, आणि शेवटचा अ आपण बोलताना खातो तसा खाल्लेला आहे असं धरा.) हे चारही इनपुट घ्यायचे आणि प्रत्येक इनपुटसाठी हेच चारही कॅन्डिडेट, म्हणजे आउटपुट व्हायचे उमेदवार.

सुरुवातीला हा प्रकार शिकताना मी नेहमी एकच इनपुट घ्यायचो, बद, कारण 'गंमत' तिथेच आहे असं वाटायचं. एका इनपुटवरून भाषा कळत नाही. बद चं बत झालं एवढ्यावरून शेवटचा घोष गेला हे कळतं, पण त्या भाषेत पत चं काय होतं, ते कुठे पद तर होत नाही ना, हे कळत नाही. टायपॉलॉजीमध्ये 'भाषा' म्हणजे चारही इनपुटांची चारही उत्तरं एकत्र, तो पूर्ण संच.

आणि इनपुटमधून काही गाळायचं नाही, 'या भाषेत ब नाहीच तर इनपुटमध्ये कशाला घ्या' असं म्हणायचं नाही. ओटीमध्ये इनपुटवर बंधन घालता येत नाही, जे काही बंधन दिसतं ते कन्स्ट्रेंटांच्या क्रमातूनच यायला हवं. हे नुसतं तात्त्विक नाही. हवाईयन भाषेत ब, द, ग नाहीत, पण इंग्रजी शब्द तिच्यात आले तेव्हा ब आणि ड असलेले इनपुट प्रत्यक्षात समोर आलेच की. बुकचं तिथे 'पुके' झालं आणि डेव्हिडचं 'कावीका'. म्हणजे व्याकरणाकडे ब चं काय करायचं याचं उत्तर तयार होतं.

## दंड मोजा

आता प्रत्येक जोडीसाठी दंड मोजायचे. सोळा ओळी होतात, मी पद आणि बद या दोन इनपुटांच्या आठ देतो कारण पुढे त्याच लागणारेत, बाकीच्या आठ तुम्ही करा, तेवढ्याने हात बसतो.

| इनपुट → आउटपुट | घोषबंदी | घोषनिष्ठा | आरंभनिष्ठा |
|---|---|---|---|
| पद → पत | ० | १ | ० |
| पद → बत | १ | २ | १ |
| पद → पद | १ | ० | ० |
| पद → बद | २ | १ | १ |
| बद → पत | ० | २ | १ |
| बद → बत | १ | १ | ० |
| बद → पद | १ | १ | १ |
| बद → बद | २ | ० | ० |

क्रम लावायच्या आधी या टेबलकडे नुसतं बघा. पद → बद ही ओळ आणि पद → पद ही ओळ शेजारी ठेवा: २-१-१ विरुद्ध १-०-०. पहिली प्रत्येक कॉलममध्ये वाईट आहे. मग तुम्ही क्रम कसाही लावा, ती कधीच जिंकणार नाही. याला हार्मोनिक बाउंडिंग म्हणतात, आणि अशा ओळी आधीच खोडून टाकल्या की पुढचं काम निम्मं होतं. पत या इनपुटसाठी तर पत सोडून बाकी तिन्ही खोडले जातात, कारण पत → पत ला शून्य दंड आहे. म्हणजे क्रम न लावताच एक भाकीत हातात आलं: या यादीत कुठल्याही भाषेत पत चं पद होणार नाही, शेवटी अघोषाचं घोष होण्याचा पॅटर्न अशक्य. याकडे लेखाच्या शेवटी परत यायचंय.

तसंच बद → पद ही ओळ बद → बत शी ताडून बघा. पहिल्या दोन कॉलममध्ये बरोबरी, तिसऱ्यात हरते. म्हणजे एकच घोष काढायचा झाला तर तो शेवटचाच निघणार, सुरुवातीचा नाही.

## सहा क्रम लावा

तीन कन्स्ट्रेंट, ३! म्हणजे सहा क्रम. निकाल लावायची पद्धत शब्दकोशातल्या क्रमासारखी आहे, आधी सर्वात वरचा कन्स्ट्रेंट बघायचा, ज्यांचे दंड त्यात सर्वात कमी ते राहतात बाकी बाद, राहिलेल्यांमध्ये दुसरा बघायचा, आणि असंच खाली. वरच्याने बाद केलेला कॅन्डिडेट खालच्या कन्स्ट्रेंटांत कितीही चांगला असला तरी परत येत नाही, बेरीज वजाबाकी काही नाही.

घोषबंदी सर्वात वर ठेवली तर चारही इनपुटांचं पतच होतं, कारण शून्य घोष असलेला कॅन्डिडेट तो एकटाच आणि खाली काय क्रम आहे याला मग अर्थ उरत नाही. असे क्रम दोन.

घोषनिष्ठा ही घोषबंदीच्या वर कुठेही असली तर सगळं जसंच्या तसं राहतं, पत पत, बत बत, पद पद, बद बद. असे क्रम तीन, आरंभनिष्ठा त्यांच्यात कुठेही असो.

उरला एक क्रम, आरंभनिष्ठा, मग घोषबंदी, मग घोषनिष्ठा. बद घ्या. आरंभनिष्ठेने पत आणि पद बाद, बत आणि बद राहिले. घोषबंदीत बत ला एक दंड, बद ला दोन, बत जिंकला. पद घ्या, पत आणि पद राहतात, घोषबंदी पत निवडते. म्हणजे सुरुवातीला फरक जपला, शेवटी पुसला. हेच जर्मन.

तर सहा क्रमांतून भाषा निघाल्या तीन. हे बहुतेक वेळा होतं, क्रम जास्त आणि भाषा कमी, कारण बरेच क्रम एकच निकाल देतात. आता तिघींना नाव द्यायचं. सगळं जपणारी म्हणजे मराठी, नाक आणि नाग यात फक्त शेवटच्या क-ग चा फरक आहे आणि काळ-गाळ यात सुरुवातीच्या, दोन्हीकडे आपण तो स्वच्छ ऐकतो. सगळं पुसणारी म्हणजे हवाईयन. पण इथे जरा प्रामाणिक राहायला हवं, हवाईयनमध्ये अक्षर व्यंजनाने संपतच नाही, त्यामुळे शेवटच्या जागेबद्दल ती काहीच साक्ष देत नाही, तिचा पुरावा फक्त सुरुवातीपुरता. आणि मधली म्हणजे जर्मन.

भाषा जुळवताना सगळ्यात जास्त फसवतं ते लिखाण. जर्मन स्पेलिंग बघून कोणी म्हणेल की शेवटी ड आहे की. लिखाण बघायचं नाही, एकाच शब्दाची दोन रूपं बघायची, एकात व्यंजन शेवटी येतं आणि दुसऱ्यात स्वराआधी, आणि दोन्हीकडे काय ऐकू येतं ते मांडायचं. दोन रूपं नाही मिळाली तर तो शब्द पुरावा म्हणून धरू नका.

## रिकामी जागा: का निघत नाही ते सिद्ध करा

चार इनपुट, प्रत्येकाला चार उत्तरं शक्य, म्हणजे कागदावर ४ × ४ × ४ × ४ = २५६ भाषा मांडता येतात. त्यातल्या आपल्या यादीने तीनच दिल्या. २५३ ना नाही म्हटलं. यादी किती कडक आहे हे या आकड्यातून कळतं, पण 'निघाली नाही' एवढं सांगून थांबू नका, का निघाली नाही ते दाखवा, कारण सहा क्रमांच्या ऐवजी उद्या सहाशे असतील तेव्हा चूक कुठे झाली हे याच रीतीने शोधावं लागतं.

आपली ती उलटी भाषा घ्या, शेवटी फरक आहे, सुरुवातीला नाही. तिच्यात बद चं पद व्हायला हवं आणि पद चं पदच राहायला हवं.

पहिली अट, बद → पद ने बद → बद ला हरवायचं. टेबलमध्ये १-१-१ विरुद्ध २-०-०. पद फक्त घोषबंदीत चांगला आहे, उरलेल्या दोन्हीत वाईट. म्हणून घोषबंदी ही घोषनिष्ठेच्या वर हवी आणि आरंभनिष्ठेच्याही वर हवी.

दुसरी अट, पद → पद ने पद → पत ला हरवायचं. १-०-० विरुद्ध ०-१-०. इथे घोषनिष्ठा ही घोषबंदीच्या वर हवी.

दोन्ही अटी एकत्र वाचा. घोषबंदी घोषनिष्ठेच्या वर, आणि घोषनिष्ठा घोषबंदीच्या वर. एकाच क्रमात हे होणं नाही, भाषा बाद. मागचं कारणही यातून दिसतं: शेवट जपायला आपल्याकडे फक्त सगळीकडे लागू होणारी घोषनिष्ठा आहे, आणि ती वर नेली की ती सुरुवातही जपते, शेवटचं तेवढं जपा असं सांगायची सोयच नाही.

## आता चौथा कन्स्ट्रेंट घाला आणि काय होतं बघा

समजा कोणी म्हणालं, आरंभनिष्ठा आहे तर शेवटनिष्ठाही हवी, समतोल म्हणून. दिसायला निरुपद्रवी. क्रम होतात ४! म्हणजे चोवीस. सगळे लावायची गरज नाही, थोडा विचार करा: सुरुवातीचा फरक टिकतो तो घोषनिष्ठा किंवा आरंभनिष्ठा यापैकी एक तरी घोषबंदीच्या वर असेल तर, आणि शेवटचा टिकतो तो घोषनिष्ठा किंवा शेवटनिष्ठा वर असेल तर. मोजणी अशी येते, सगळं पुसणारे सहा क्रम, सगळं जपणारे चौदा, फक्त सुरुवात जपणारे दोन, आणि फक्त शेवट जपणारे दोन. आली ती उलटी भाषा.

म्हणजे ती भाषा अशक्य आहे हे काही ओटीच्या यंत्राने ठरवलं नव्हतं, ते ठरवलं होतं आपल्या यादीने. फॅक्टोरियल टायपॉलॉजीचा खरा दावा 'यादीत काय नाही' यात असतो. म्हणून शेवटनिष्ठा न घेण्याचं कारण यादीच्या बाहेरून यावं लागतं, आणि ते आहे. प की ब हे ऐकणाऱ्याला बरंचसं कळतं ते ओठ उघडून पुढचा स्वर सुरू होतो त्या क्षणातून, कंप कधी सुरू झाला त्यावरून. सुरुवातीच्या व्यंजनाला हा क्षण मिळतो. शेवटच्या व्यंजनापुढे स्वर नाही, कधीकधी ओठ उघडल्याचा आवाजसुद्धा नाही, आणि तोंड बंद असताना आत हवेचा दाब वाढत जातो तसा कंप टिकवणंही जड जातं. जिथे फरक ऐकणं सोपं तिथे तो जपायचा खास कन्स्ट्रेंट मानायला आधार आहे, जिथे अवघड तिथे नाही. कोणताही कन्स्ट्रेंट यादीत टाकताना मी आता हाच हिशोब करतो, तो का हवा याचं कारण, आणि तो आल्याने कुठली नवी भाषा घरात शिरते याची मोजणी, दोन्ही एकाच वेळी.

## चोवीसच्या पुढे कोड लागतो

पाच कन्स्ट्रेंटांचे १२० क्रम, दहांचे ३६,२८,८००. हाताने होणार नाही. वरचं सगळं करणारा पायथन कोड एवढाच आहे:

```python
from itertools import permutations

W = ["पत", "बत", "पद", "बद"]
C = {
  "*D":  lambda i, o: sum(s in "बद" for s in o),
  "Id":  lambda i, o: sum(a != b for a, b in zip(i, o)),
  "IdO": lambda i, o: int(i[0] != o[0]),
}
T = {}
for r in permutations(C):
    L = tuple(min(W, key=lambda o: [C[c](i, o) for c in r])
              for i in W)
    T.setdefault(L, []).append(r)
for L, rs in T.items():
    print(L, len(rs))
```

`*D` म्हणजे घोषबंदी, `Id` घोषनिष्ठा, `IdO` आरंभनिष्ठा. चालवला की हे दिसायला हवं:

```
('पत', 'पत', 'पत', 'पत') 2
('पत', 'बत', 'पद', 'बद') 3
('पत', 'बत', 'पत', 'बत') 1
```

शेवटनिष्ठा घालायची तर `C` मध्ये `"IdC": lambda i, o: int(i[1] != o[1])` ही ओळ वाढवा, मग ६, १४, २, २ असे आकडे यायला हवेत. नाही आले तर टायपिंगमध्ये कुठेतरी गडबड आहे.

या कोडमधला एक सापळा सांगून ठेवतो. `min` ला दोन कॅन्डिडेट बरोबरीचे मिळाले तर तो गुपचूप यादीतला पहिला उचलतो. समजा तुम्ही दोनच कन्स्ट्रेंट घेतले, 'एका शब्दात दोन घोष नकोत' आणि घोषनिष्ठा, आणि पहिला वर ठेवला. बद साठी बत आणि पद दोघांनाही शून्य आणि एक दंड, पूर्ण बरोबरी, कोड मात्र ठामपणे बत सांगेल कारण `W` मध्ये तो आधी लिहिलाय. हा निकाल तुमच्या सिद्धांताचा नाही, यादी लिहिण्याच्या क्रमाचा आहे. ओळखायचं कसं, तर `min(W, ...)` च्या जागी `min(W[::-1], ...)` लिहून परत चालवायचं, भाषांचा संच किंवा आकडे बदलले की समजायचं बरोबरी झालीये आणि दोघांत फरक करणारा कन्स्ट्रेंट सुटलाय.

कन्स्ट्रेंट आठ-दहाच्या पुढे गेले की सगळे क्रम चालवणं हा मार्गच सोडा. तेव्हा उलट जायचं: निकालांचा एक संच घ्यायचा आणि तो देणारा क्रम आहे का एवढंच तपासायचं, अगदी तसंच जसं उलट्या भाषेच्या दोन अटी आपण भिडवून बघितल्या. ब्रूस हेज यांचं ओटीसॉफ्ट हे सॉफ्टवेअर टायपॉलॉजी काढून देतं, मोठ्या कामाला तेच वापरा.

आकडे वाचताना अजून एक. तीन क्रम, दोन क्रम, एक क्रम, हे बघून 'म्हणजे मराठीसारख्या भाषा जर्मनसारख्यांच्या तिप्पट असणार' असं वाटतं. क्रमांची संख्या आणि भाषांची संख्या यांचा असा संबंध सिद्धांतात कुठेही लिहिलेला नाही. आणि तुम्ही वर बघितलंच, एक कन्स्ट्रेंट घातला तर तीनाचे चौदा झाले, भाषेत काहीही न बदलता. टायपॉलॉजी फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगते.

## उलट बाजूची अडचण: नको त्या भाषाही निघतात

आतापर्यंत यादी नाही म्हणते ते बघितलं. आता ती नको तिथे हो म्हणते ते बघू, कारण प्रत्यक्षात काम करताना हीच डोकेदुखी जास्त होते.

आत्तापर्यंतचे कॅन्डिडेट फक्त घोष बदलत होते. पण शेवटी घोष नको असेल तर अजून दोन उपाय आहेत, व्यंजनच काढून टाका (बद चं नुसतं ब), किंवा मागे स्वर जोडा म्हणजे द शेवटी राहणारच नाही (बद चं बदि). ओटीत कॅन्डिडेट मुक्त असतात, त्यामुळे हे दोन आपल्याला घ्यावेच लागतात. नवीन यादी करू: शेवटघोषबंदी म्हणजे शेवटी घोष स्पर्श नको, घोषनिष्ठा तीच, आणि 'गाळू नका' व 'जोडू नका' हे दोन नवे. इनपुट बद, कॅन्डिडेट चार:

| बद → | कुठला दंड |
|---|---|
| बद | शेवटघोषबंदी |
| बत | घोषनिष्ठा |
| ब | गाळू नका |
| बदि | जोडू नका |

प्रत्येक कॅन्डिडेट एकाच कन्स्ट्रेंटचा एकच दंड घेतो, म्हणून सर्वात खाली जो कन्स्ट्रेंट बसेल त्याचा कॅन्डिडेट जिंकणार. चोवीस क्रम, चार निकाल, प्रत्येकी सहा. आणि या चारही भाषांत बत हे इनपुट जसंच्या तसं राहतं.

आता जगाशी ताडून बघा. बद जसंच्या तसं, आहे. बद चं बत, भरपूर. पण शेवटचा द गाळणारी आणि त तसाच ठेवणारी भाषा? किंवा फक्त घोष व्यंजनामागे स्वर जोडणारी आणि अघोषामागे न जोडणारी? शेवटच्या घोषावरचा नियमित उपाय म्हणून या दोन्ही रीती सापडत नाहीत. व्यंजनाने संपणारं कुठलंच अक्षर नको म्हणून सरसकट सगळीकडे स्वर जोडणाऱ्या भाषा आहेत, तो वेगळा मुद्दा, तिथे कारण घोष हे नाही. म्हणजे आपल्या चारपैकी दोन भाषा भुतासारख्या आहेत, कागदावर दिसतात, जगात नाहीत. याला टू-मेनी-सोल्यूशन्स प्रॉब्लेम म्हणतात, रोग एक आणि यादी औषधं चार देते पण भाषा मात्र नेहमी एकच औषध घेतात.

डोंका स्टेरियाडे यांनी यावर सुचवलेला मार्ग मला सगळ्यात पटतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बोलणाऱ्याला कुठला बदल कानाला किती जाणवतो याची समज असते. बद आणि बत यात कानाला फरक थोडा, बद आणि ब यात मोठा, बद आणि बदि यातही मोठा. आणि जो बदल जास्त जाणवतो त्याच्याविरुद्धचा कन्स्ट्रेंट वर असतो, प्रत्येक भाषेत. म्हणजे 'गाळू नका' आणि 'जोडू नका' हे दोघेही या जागी घोषनिष्ठेच्या वर पक्के, त्यांचा क्रम भाषेला बदलता येत नाही.

हे हिशोबात कसं घ्यायचं तर ही अट न पाळणारे क्रम खोडायचे. तिघांत घोषनिष्ठा सर्वात खाली असण्याचे क्रम एकतृतीयांश, म्हणजे चोवीसपैकी आठ उरतात. या आठांत घोषनिष्ठा सर्वात तळाला असलेले सहा, ते बत देतात, आणि शेवटघोषबंदी तळाला असलेले दोन, ते बद देतात. दोन भाषा, दोन्ही खऱ्या, भुतं गेली. कोडमध्ये करायचं असेल तर `for r` च्या आत दोन कन्स्ट्रेंटांचं `r.index` ताडून नको तो क्रम `continue` ने सोडून द्यायचा.

पण अशी पक्की अट घालणं स्वस्त नाही. तुम्ही म्हणताय की हा क्रम जगात कुठेच उलटत नाही, म्हणजे एका भाषेने जरी नुसत्या घोष व्यंजनाला शेवटी गाळलं तर तुमची अट गेली. म्हणून अट टाकताना ती कुठल्या जागेपुरती आहे हे बरोबर लिहा. आपली चाचणी रूपं एकाक्षरी आहेत, शब्दाच्या मध्ये दोन स्वरांमध्ये ब चं काय होतं याबद्दल या टेबलांतून काहीही बोलता येत नाही, आणि दोन स्वरांमधलं ब गळणं हे काही आपल्या अटीविरुद्धचं उदाहरण होत नाही.

आणि आता ते राहिलेलं भाकीत, पत चं पद कधीच होत नाही. दागेस्तान आणि उत्तर अझरबैजानात बोलली जाणारी लेझगियन ही भाषा इथे आडवी येते. तिच्यातल्या काही एकाक्षरी नामांत व्यंजन शब्दाच्या शेवटी घोष आणि पुढे स्वराचा प्रत्यय लागला की अघोष, म्हणजे जर्मनच्या बरोबर उलटं. अॅलन यू यांनी २००४ मध्ये हे शेवटी घोष होण्याचं खरं उदाहरण म्हणून मांडलं, आणि पॉल किपार्स्की यांनी त्याला विरोध केला. वाद कशावर आहे हे आता तुम्हाला टेबलवरूनच कळेल. इनपुटमध्ये अघोष मानलं तर शेवटी पत चं पद झालं, जे आपल्या तिन्ही कन्स्ट्रेंटांत बाउंडेड आहे, कुठल्याच क्रमाने निघणार नाही, मग 'शेवटी घोष हवा' असं म्हणणारा नवा कन्स्ट्रेंट यादीत आणावा लागेल, आणि तो आणला की तो प्रत्येक भाषेच्या यादीत येतो आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या सगळ्या भाषा मोजाव्या लागतात. इनपुट वेगळं मानलं, म्हणजे मूळ व्यंजन नुसतं अघोष नाहीच आणि बदल शेवटी होत नसून स्वराआधी होतोय असं दाखवता आलं, तर यादी वाचते, पण मग तो स्वराआधीचा बदल घडवणारा कन्स्ट्रेंट कुठला ते सांगावं लागतं. दोन्ही वाटांनी एकदा टेबल मांडून बघा, आधी पत आणि पद हे दोन इनपुट घेऊन, शेवटी एकदा आणि स्वराआधी एकदा.